चिमणी ओढते कशी आणि पंखा कुठे लागतो: बॉयलरच्या ड्राफ्टचा हिशेब

मुंबईच्या गिरणगावात काही बंद गिरण्यांच्या विटांच्या चिमण्या अजून उभ्या आहेत. त्या इतक्या उंच बांधल्या त्याचं पहिलं कारण धूर वस्तीपासून लांब सोडणं हे नव्हतं. खालच्या लँकेशायर बॉयलरच्या जाळाला हवा ओढून आणणारं दुसरं काही नव्हतं, म्हणून त्या उंच होत्या. आज साखर कारखान्यातला बगॅसवरचा, म्हणजे उसाच्या चिपाडावरचा बॉयलर बघा. त्यालाही उंच चिमणी असतेच, पण तिच्या पायाशी धूर ओढणारा आयडी फॅन घोंघावत असतो आणि पुढच्या बाजूला हवा ढकलणारा एफडी फॅन. चिमणी आहे तर पंखे कशाला, आणि पंखे आहेत तर भट्टीतून धूर बाहेर का येतो, हे दोन्ही प्रश्न एकाच हिशेबाने सुटतात. तो हिशेब इथे मांडतो. शेवटी एका बिघाडाचं उदाहरण आकड्यांनिशी सोडवून दाखवतो.

चिमणी ओढत नाही, बाहेरची हवा ढकलते

चिमणीच्या आत गरम धूर आहे, बाहेर गार हवा आहे. गरम वायू फुगतो, म्हणून एक घनमीटर गरम धूर एक घनमीटर गार हवेपेक्षा हलका असतो. चिमणीच्या उंचीइतका धुराचा खांब आत उभा आहे आणि तेवढ्याच उंचीचा हवेचा खांब बाहेर. दोन्ही वरच्या टोकाला एकाच वातावरणाला उघडे आहेत आणि खाली जाळाखालच्या जाळीच्या वाटेने एकमेकांना जोडलेले आहेत. तराजूचं जड पारडं खाली जातं तसा बाहेरचा जड खांब खाली येतो, जाळीतून आत घुसतो आणि हलक्या धुराला वर उचलतो. दोन खांबांच्या वजनातला फरक म्हणजेच नैसर्गिक ड्राफ्ट.

ड्राफ्ट पाण्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात. हे एकक हिशेबाला फार सोयीचं आहे, कारण एका चौरस मीटरवर एक किलो वजन म्हणजे बरोबर एक मिलिमीटर पाणी. समुद्रसपाटीजवळ हवेची घनता 353 भागिले केल्व्हिनमधलं तापमान इतकी येते. धुराची घनता हवेच्या अगदी जवळ असल्याने व्यवहारात तोच आकडा त्यालाही चालतो. मग सूत्र असं होतं:

```
h = 353 × H × (1/Ta − 1/Tg)

h  = ड्राफ्ट, मिमी पाणी
H  = जाळीपासून चिमणीच्या टोकापर्यंतची उंची, मीटर
Ta = बाहेरच्या हवेचं तापमान, केल्व्हिन (सेल्सिअस + 273)
Tg = चिमणीतल्या धुराचं सरासरी तापमान, केल्व्हिन
```

40 मीटरची चिमणी घ्या. बाहेर 30 अंश, आत धूर 150 अंश. बाहेरच्या हवेची घनता 353/303 म्हणजे 1.165 किलो, धुराची 353/423 म्हणजे 0.835 किलो. फरक 0.33, गुणिले 40, म्हणजे सुमारे 13 मिमी. तीच चिमणी, पण धूर 300 अंशाने सोडला तर 22 मिमी मिळतात. बाहेरची हवाही यात वाटेकरी आहे. 150 अंशाच्या त्याच धुराला थंडीतल्या 15 अंशांच्या पहाटे साडेपंधरा मिमी ओढ मिळते आणि उन्हाळ्यातल्या 42 अंशांच्या दुपारी जेमतेम साडेअकरा. नैसर्गिक ड्राफ्टवरची भट्टी थंडीत जोरात आणि उन्हात मंद का जळते, ते या दोन आकड्यांत आहे.

कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळाचं चुलाण याच तत्त्वावर चालतं. काहिलीखालून गेलेला धूर बराच गरम असतो. समजा 8 मीटरचं धुराडं आहे आणि धूर 400 अंशांचा आहे, तर साधारण 5 मिमी ओढ मिळते. चिपाडं मोकळी, हवेची वाट रुंद आणि धुराचा रस्ता छोटा, म्हणून तेवढी पुरते. सकाळी पहिला जाळ घालताना मात्र धुराडं गार असतं, आतबाहेर वजनाचा फरकच नसतो आणि धूर तोंडातून बाहेर फिरतो. अशा वेळी आधी धुराड्याच्या बुडाशी थोडी वाळकी चिपाडं पेटवून ते तापवून घ्यावं. ओढ लागली की मगच मुख्य जाळ भरावा.

धूर जितका गरम तितकी ओढ जास्त, हे खरं. पण गरम धूर फुगलेलाही असतो, त्यामुळे एका मर्यादेपुढे ओढ वाढली तरी चिमणीतून जाणारा किलोमधला धूर वाढत नाही, उलट घटू लागतो. धुराचं केल्व्हिनमधलं तापमान हवेच्या दुप्पट झालं की ही मर्यादा येते. 30 अंशांच्या हवेला ती सुमारे 330 अंश सेल्सिअसला येते. त्याहून गरम धूर सोडणं म्हणजे इंधन वाया घालवणं, बदल्यात जास्तीचं काहीच मिळत नाही.

पंखे कुठून आले

इंधन वाचवायचं तर धुरातली उष्णता काढून घ्यायला हवी. म्हणून धुराच्या वाटेत बॉयलरचं पाणी तापवणारा इकॉनॉमायझर बसवला, जाळाची हवा तापवणारा एअर प्रीहीटर बसवला, राख पकडायला डस्ट कलेक्टर किंवा स्क्रबर बसवला. यातल्या प्रत्येक वस्तूने दोन गोष्टी केल्या. धूर गार करून चिमणीची ओढ कमी केली, आणि वाटेत अडथळा उभा करून ओढीची गरज वाढवली. आकडे बघितले की पटतं. ताशी 40 टन वाफेच्या बगॅस बॉयलरवर पूर्ण लोडला दाबाचा साधारण असा उतार दिसू शकतो: पाण्याच्या नळ्यांच्या बॉयलर बँकेत 25 मिमी, इकॉनॉमायझरमध्ये 30, एअर प्रीहीटरमध्ये 40, डस्ट कलेक्टरमध्ये 70. बेरीज 165 मिमी. 40 मीटरच्या चिमणीकडे आहेत 13. ही तूट चिमणीच्या उंचीने भरायची तर जवळजवळ अर्ध्या किलोमीटरची चिमणी लागेल. म्हणून चिमणीच्या अगोदर आयडी फॅन बसतो. तो धूर ओढतो आणि चिमणीत सोडतो. याला इंड्यूस्ड ड्राफ्ट म्हणतात.

पंख्याशिवायही इंड्यूस्ड ड्राफ्ट करता येतो, आणि वाफेच्या रेल्वे इंजिनाने तो शंभर-सव्वाशे वर्षं केला. इंजिनाची चिमणी हातभर उंचीची, तिची स्वतःची ओढ नगण्य. पण सिलिंडरमधून बाहेर पडणारी वाफ चिमणीखालच्या नोझलमधून वर फेकली जायची आणि आपल्याबरोबर भट्टीतला धूर खेचून न्यायची. इंजिनाची झुकझुक म्हणजे त्या वाफेचे फटके होते. चढावर इंजिन जास्त वाफ घ्यायचं, फटके जोरात बसायचे आणि जाळही आपोआप वाढायचा.

आता हवेची बाजू. जाळीखालून हवा वर यायची तर तिला प्रीहीटरच्या नळ्या, डक्ट, जाळीची भोकं आणि वरचा बगॅसचा थर एवढं पार करायचं असतं. हा अडथळा आयडीवर सोपवला तर भट्टीत फार मोठी उणी ओढ तयार करावी लागेल आणि प्रत्येक फटीतून फुकटची गार हवा आत शिरेल. म्हणून हवा पुढून ढकलायला एफडी फॅन लागतो, तो फोर्स्ड ड्राफ्ट. बगॅस भट्टीत उडवणारा एसए फॅनही हिशेबात याच बाजूला मोजायचा.

डिझेल किंवा गॅसवर चालणाऱ्या छोट्या पॅकेज बॉयलरला बहुधा एफडी एकटाच असतो. त्याचं कवच पूर्ण बंद असतं, आत दाब असला तरी धूर गळत नाही. बगॅस, कोळसा, लाकूड यांच्या भट्टीला मात्र इंधन टाकायची आणि राख काढायची दारं असतात, तिथे आत दाब ठेवता येत नाही. म्हणून दोन्ही पंखे लावून भट्टीत दाब शून्याच्या किंचित खाली ठेवतात. हाच बॅलन्स्ड ड्राफ्ट. एफडीची जबाबदारी जाळापर्यंत, आयडीची जाळापासून पुढे.

चिमणी आता उंच लागते ती प्रदूषणासाठी. गंधकाच्या धुराकरता आपल्याकडे चिमणीची उंची `H = 14 Q^0.3` या सूत्राने काढतात, त्यात Q म्हणजे ताशी किलोमध्ये सल्फर डायऑक्साइड. ड्राफ्ट या सूत्रात कुठेच येत नाही.

भट्टीत −3 मिमी, पण कुठे मोजलेला?

भट्टीचा दाब −2 ते −5 मिमी ठेवा, असं प्रत्येक बॉयलर अटेंडंटला सांगितलेलं असतं. पण हा दाब कोणत्या उंचीवरचा हे फार थोडे जण विचारतात. भट्टी स्वतःच एक छोटी चिमणी आहे. आतली पोकळी 12 मीटर उंच आणि आत वायू 900 अंशांचा असेल, तर वरचंच सूत्र लावा: 353 × 12 × (1/303 − 1/1173), म्हणजे सुमारे 10 मिमी. वर छताजवळ −3 असेल तेव्हा खाली जाळीजवळ −13 च्या आसपास असणार. उलट कोणी दाब मोजायचं छिद्र, म्हणजे टॅपिंग, खाली घेतलं आणि तिथे −3 ठेवलं, तर छताजवळ +7 होईल. मग वरच्या फटींतून गरम वायू बाहेर येतो, इन्सुलेशन काळं पडतं, केसिंग वाकतं, आणि पॅनेलवर मात्र सगळं ठीक दिसतं. म्हणून ड्राफ्टचं टॅपिंग भट्टीच्या वरच्या भागात हवं. तुमच्या बॉयलरवर ते कुठे आहे, हे आजच चढून बघा.

मोजायला महागडं काही लागत नाही. पारदर्शक प्लास्टिकची नळी यू आकारात फळीवर बांधा, रंग टाकलेलं पाणी अर्ध्यापर्यंत भरा, एक टोक टॅपिंगला जोडा, दुसरं उघडं ठेवा. दोन्ही बाजूंच्या पातळीतला फरक म्हणजे मिलिमीटरमधला ड्राफ्ट. ओढ असेल तर टॅपिंगच्या बाजूचं पाणी वर चढतं. 3 मिमी डोळ्यांनी नीट वाचता येत नाही, म्हणून भट्टीसाठी तिरकी नळी वापरतात. एकास दहा तिरपी असेल तर 3 मिमीला पाणी 30 मिमी सरकतं. टॅपिंगच्या नळीत राख साचते आणि मग पॅनेलवरचा काटा एकाच जागी मेल्यासारखा थांबतो. लोड बदलूनही काटा हलत नसेल तर आधी टॅपिंग साफ करा, त्यानंतरच डॅम्परला हात लावा.

चालू करताना आणि लोड बदलताना

चालू करताना पहिला आयडी, नंतर एफडी. बंद करताना पहिला एफडी, नंतर आयडी. म्हणजे भट्टीत कधीच दाब साचत नाही. याच कारणाने इंटरलॉकही असतो: आयडी ट्रिप झाला तर एफडी आणि बगॅस फीडर लगेच ट्रिप झाले पाहिजेत, नाहीतर जाळ दारांतून माणसांच्या अंगावर येतो. एफडी ट्रिप झाला तर फीडर थांबतो, पण आयडी चालूच राहतो. सीझन सुरू होण्याआधी, भट्टी गार असताना, हे इंटरलॉक प्रत्यक्ष ट्रिप करून तपासा. बायपास केलेला इंटरलॉक हा भट्टीसमोर उभ्या माणसाच्या जिवाशी खेळ आहे, कारण काहीही सांगितलं तरी.

1. राखेची दारं, पीप होल, मॅनहोल बंद आहेत हे बघा. राखेच्या हॉपरची झडप सहसा विसरली जाते.
2. आयडीचा डॅम्पर बंद ठेवून मोटर सुरू करा. गार हवा गरम धुरापेक्षा जड असते, त्यामुळे गार बॉयलरवर डॅम्पर उघडा ठेवून आयडी सुरू केला तर मोटर ओव्हरलोड होते. पूर्ण गती आल्यावर डॅम्पर हळूहळू उघडा, भट्टी −5 ते −10 वर आणा.
3. एफडीही डॅम्पर बंद ठेवून सुरू करा, मग उघडा. किमान पाच मिनिटं दोन्ही पंखे चालवून भट्टी आणि डक्टमधला साचलेला वायू बाहेर काढा. हे पर्जिंग घाईत टाळलं जातं आणि स्फोट नेमका तेव्हाच होतो.
4. जाळ लावा, थर बसला की भट्टी −3 वर आणा.

लोड वाढवताना क्रम आयडी, एफडी, इंधन. कमी करताना बरोबर उलटा: इंधन, एफडी, आयडी. ऑटोवर असलेल्या बॉयलरमध्ये भट्टीचा दाब आयडी सांभाळतो आणि वाफेच्या मागणीनुसार एफडी व इंधन बदलतं. दोघांनाही एकाच वेळी भट्टीचा दाब सांभाळायला लावलं तर ते एकमेकांचा पाठलाग करत बसतात आणि दाब लंबकासारखा झुलतो.

आयडीला व्हीएफडी असेल तर डॅम्पर पूर्ण उघडा ठेवून गतीवर नियंत्रण करा. पंख्याची वीज गतीच्या घनाने बदलते. गती 80 टक्के केली तर वीज निम्म्यावर येते. डॅम्पर अर्धा बंद ठेवून पंखा पूर्ण गतीने फिरवला तर तोच फरक वाया जातो.

भट्टी प्लसमध्ये जाते: एक उदाहरण

वरचाच 40 टनी बॉयलर घेऊ. सीझनच्या मध्यावर तक्रार येते: लोड 36 टनांच्या वर नेला की आयडीचा डॅम्पर पूर्ण उघडूनही भट्टी +2 दाखवते, दारांतून धूर येतो, जाळीवर बगॅसचे ढीग साचतात. चिमणीला जाणाऱ्या धुराचं तापमान मात्र 160 वरून 130 वर आलं आहे आणि शिफ्टमध्ये ती चांगली बातमी समजली जाते आहे.

पहिलं काम, यू ट्यूब घेऊन भट्टीपासून आयडीपर्यंत प्रत्येक वस्तूच्या आधी आणि नंतर ड्राफ्ट मोजणं. सुस्थितीतली वाचनं होती: भट्टी −3, बॉयलर बँकेनंतर −28, इकॉनॉमायझरनंतर −58, प्रीहीटरनंतर −98, डस्ट कलेक्टरनंतर −168. आता मिळतात: +2, −23, −53, −98, −208. नुसतं वाचन बघू नका, दोन वाचनांमधला फरक बघा. बँक 25, म्हणजे पूर्वीइतकीच. इकॉनॉमायझर 30, तोही पूर्वीइतकाच. प्रीहीटर 40 वरून 45. डस्ट कलेक्टर 70 वरून थेट 110.

इथे बहुतेक जण डस्ट कलेक्टर चोकअप झाला म्हणून शटडाऊन मागतात. थांबा, आयडीचे ॲम्पिअर बघा. कलेक्टर चोक असेल तर त्यातून धूर कमी जातो, पंख्यावरचं काम घटतं आणि ॲम्पिअर उतरतात. इथे ते वाढलेले आहेत. म्हणजे वाट अरुंद झालेली नाही, त्याच वाटेने जास्त वायू जातो आहे. हा जास्तीचा वायू भट्टीतून आलेला नाही, कारण बँक आणि इकॉनॉमायझरचा उतार जसाच्या तसा आहे. तो इकॉनॉमायझर आणि कलेक्टर यांच्या मधेच कुठेतरी शिरतो आहे.

आता पोर्टेबल ॲनालायझरने ऑक्सिजन मोजा. प्रीहीटरच्या आधी 5 टक्के, नंतर 9 टक्के. गळतीचं सूत्र:

```
गळती % = 90 × (O2 नंतर − O2 आधी) / (21 − O2 नंतर)
        = 90 × (9 − 5) / (21 − 9) = 30
```

धुराच्या वजनाच्या 30 टक्के हवा प्रीहीटरमध्ये मिसळते आहे. तापमानाने पडताळा घ्या: 160 अंशांच्या 100 भाग धुरात 35 अंशांची 30 भाग हवा मिसळली तर मिश्रण 131 अंशांचं होतं. ते 130 अंश इथून आले, उष्णता वाचल्यामुळे नव्हे. अडथळा प्रवाहाच्या वर्गाने वाढतो. 1.3 चा वर्ग 1.69, धूर गार होऊन जड झाल्यामुळे थोडा कमी, म्हणजे दीडपटीपेक्षा जरा जास्त. 70 चे 110 झाले ते यामुळेच.

ढिगांचा उलगडाही इथेच होतो. प्रीहीटरच्या नळ्यांत एका बाजूला एफडीचा दाब आणि दुसऱ्या बाजूला आयडीची ओढ असते, त्यामुळे नळी फुटली की हवा जाळीपर्यंत पोचायच्या आत सरळ धुरात पळते. एफडीचे ॲम्पिअर ठीक दिसतात, पण जाळाला हवा कमी पडते.

बहुधा फुटलेल्या नळ्या गार टोकाला सापडतात, जिथे गार हवा आत येते आणि धूर सर्वांत गार झालेला असतो. बगॅसमध्ये निम्मं पाणी असतं, त्यामुळे धुरात वाफ भरपूर असते आणि गार नळीवर ती घाम धरते. तिथून नळी गंजते. मिल थांबल्यावर बॉयलर गार करून, रीतसर परमिट घेऊन, आत माणूस जाण्याआधी एफडी चालवा, प्रत्येक नळीच्या तोंडाशी हात किंवा कागदाची पट्टी धरा. जिथून हवा फुंकली जाते ती नळी फुटलेली. एफडी बंद आणि लॉक करूनच आत शिरा, नळीची दोन्ही तोंडं प्लग करा. साधारण दहातली एक नळी प्लग झाली तरी बॉयलर सीझन काढतो. त्याहून जास्त असतील तर नळ्या बदलायचा बेत ऑफ सीझनसाठी करावा लागेल, कारण उरलेल्या नळ्यांत धुराचा अडथळा वाढू लागतो.

पुन्हा सुरू केल्यावर तीच पाच वाचनं, तेच लोड, प्रीहीटरच्या आधीचा आणि नंतरचा ऑक्सिजन, दोन्ही पंख्यांचे ॲम्पिअर आणि धुराचं तापमान लिहून ठेवा. चिमणीकडे जाणारा धूर पुन्हा 160 वर गेलेला दिसेल. तो आकडा आता खरा आहे, त्याला घाबरून डॅम्पर फिरवू नका.